सल्ला हवा: पडद्यावरचं रामायण-महाभारत 'धार्मिक माध्यम' म्हणून, ४००० शब्दांत काय घेऊ?

मेघना_व
नमस्कार मंडळी. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला 'रूपांतर आणि भक्ती' या विषयावर निबंध लिहायचाय. मर्यादा ४००० शब्दांची, हातात पाच आठवडे. सागरांचं 'रामायण', चोप्रांचं 'महाभारत' आणि २०२३चा 'आदिपुरुष' अशी तुलना करायचं ठरवलं होतं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, हे तीन निबंध झाले, एकच घे.

माझं खरं अडतंय ते असं. पडद्यावर देव दिसला एवढ्यानं ते धार्मिक माध्यम होत नाही. लोक टीव्हीला हार घालायचे हे सगळे सांगतात, पण त्यातून मालिकेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. मग भक्ती दाखवायची कुठे, संहितेत, कॅमेऱ्यात की प्रेक्षकात? आणि कोणती कलाकृती घेऊ?

जुना_श्रोता
रामायणच घ्या, दुसरा विचार करू नका. २५ जानेवारी १९८७ला पहिला भाग लागला तेव्हा मी नववीत होतो. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या काकूंकडे जायचो. रविवारी साडेनऊच्या आत आजी आंघोळ करून, धुवट लुगडं नेसून तयार असायची. रामाचा चेहरा जवळून दिसला की ती हात जोडायची आणि जाहिराती लागल्या की सोडायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, ऐकीव नाही. आधी सगळे ७८ भाग बघा, मग लिहायला बसा.

आरती_का
+१, रामायणच. माझी मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत, त्यांना जुनं रामायण संथ वाटलं. जपानी दिग्दर्शकाबरोबर केलेला तो ॲनिमेशनचा रामायण चित्रपट मात्र मन लावून पाहिला. मुलांसोबत बघायचं असेल तर तोच घ्या.

मेघना_व
आरतीताई, मुलांना दाखवायला नाही हो, निबंधासाठी हवंय. :)
जुना_श्रोता, आजींची आठवण फार मोलाची आहे. पण ७८ भाग पाच आठवड्यांत बघून लिहिणं जमणार नाही.

विनायक७४
तुलनाच करायची तर तुलसीदासांशी करा, काम सोपं होईल. सागरांचं रामायण म्हणजे सरळ रामचरितमानस. लक्ष्मणरेषासुद्धा वाल्मीकीत नाही, ती तुलसीदासांनी आणली आणि तिथून मालिकेत आली.

सभापर्व
विनायकराव, वाल्मीकीत रेषा नाही हे बरोबर. पण मानसच्या अरण्यकांडातल्या सीताहरणातही ती नाही. पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला सुनावते, लक्ष्मणानं ओढलेली छोटीशी रेघही तुला ओलांडता आली नाही. तेवढाच उल्लेख. आणि मालिकेच्या श्रेयनामावलीत कंबन, कृत्तिवास, आपले एकनाथ अशी बरीच नावं आहेत. तेव्हा 'मूळ ग्रंथ एक, मालिका एक' असं गृहीत धरून तुलना केली की निबंध पहिल्याच पानावर घसरतो.

मेघना, माझा सल्ला वेगळा आहे. चोप्रांचं महाभारत घे आणि त्यातलाही एकच प्रसंग, वस्त्रहरण. ९४ भागांपैकी तुला तीन-चारच लागतील. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

ओवी
गीतरामायणाचं नाव कुणी काढलं नाही याचं वाईट वाटलं. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, वर्षभर आठवड्याला एक गाणं, एकूण ५६. पडदा नाही, मुकुट नाही, तरी लोक भक्तीनंच ऐकत होते. माध्यम आणि भक्ती म्हटल्यावर आधी आवाजाचा विचार हवा.

विनायक७४
ओवी, तिनं टीव्ही आणि चित्रपट म्हटलंय. तरी पटतंय. सागरांच्या रामायणातही रवींद्र जैन यांची चौपाई चालू असते तेव्हा दृश्य जवळजवळ थांबलेलं असतं.

वस्त्रहरणाबद्दल मात्र एक सांगतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदी कृष्णाचा धावा करतच नाही, वस्त्रं आपोआप येत राहतात. म्हणजे कृष्णाला चोप्रांनी घुसवलं. एवढं दाखवलं की निबंध झाला.

सभापर्व
तेवढं दाखवून निबंध झाला नाही, फसला. हाच मुद्दा तपशिलात सांगतो.

चिकित्सक आवृत्तीचं सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलं. हस्तलिखितं ताडून त्यांनी धाव्याचे श्लोक मूळ पाठातून काढले आणि तळटिपांत ठेवले. इथवर विनायकरावांचं बरोबर. पण जुने भाष्यकार नीलकंठ यांची टीका ज्या पाठावर आहे, जो पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला, त्यात द्रौपदी गोविंदाला, द्वारकावासीला हाक मारते. म्हणजे कृष्ण सभेत आला तो दूरदर्शनच्या कितीतरी शतकं आधी.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. चिकित्सक आवृत्तीतच, उद्योगपर्वात, कृष्ण संजयाला सांगतो की मी दूर असताना द्रौपदीनं 'गोविंद' अशी हाक मारली, ते ऋण वाढत चाललंय, मनातून जात नाही. आणि वनपर्वात तोच म्हणतो की मी द्वारकेच्या आसपास असतो तर ते द्यूत होऊच दिलं नसतं. एका ठिकाणी हाक पोहोचलीय, दुसऱ्या ठिकाणी तो तिथे नव्हताच. ही फट मूळ ग्रंथातली आहे. भक्तिपरंपरेनं ती बुजवली आणि मालिकेनं त्या बुजवलेल्या जागेवर कॅमेरा लावला. रूपांतर म्हणजे हेच, आणि तुझ्या निबंधाचा कणाही हाच.

आता मालिकेकडे ये. शिशुपालवधानंतर कृष्णाच्या बोटातून रक्त येतं आणि द्रौपदी पदर फाडून बांधते, हे मालिकेत आधीच येऊन जातं. चिकित्सक आवृत्तीत हे नाही, ही लोकपरंपरेतली गोष्ट. मराठी माणसाला ती 'श्यामची आई'तल्या 'भरजरी गं पितांबर' या गाण्यातून पाठ असते. म्हणजे वस्त्र पुरवणं हा चमत्कार म्हणून येत नाही, फेड म्हणून येतो. बघणाऱ्याला हिशोब आधीच कळलेला असतो.

मग प्रसंगच बघ, आवाज बंद करून. प्रत्येक शॉटपुढे दोनच गोष्टी लिही: चौकटीत कोण आहे आणि तो कुणाकडे बघतोय. भीष्मांची मान खाली, धृतराष्ट्र आंधळा, पांडवांना नजर वर करवत नाही. बघणारे आहेत ते दुर्योधन, कर्ण, दुःशासन, आणि त्यांचं बघणं हीच हिंसा आहे. आणि या सगळ्या काळात आपणही बघतच असतो. मग कृष्ण येतो. सभेतल्या कुणाला तो दिसल्याचं चिन्ह नाही, त्यांना फक्त वस्त्र दिसतं. कृष्ण दिसतो तो आपल्याला. बघ्याच्या जागेवरून उचलून मालिका आपल्याला भक्ताच्या जागेवर बसवते. 'दर्शन' हा शब्द वापरायचाच असेल तर इथे वापर, कारण इथे तो शॉट दाखवून सिद्ध करता येतो.

जुना_श्रोता
छान लिहिलंत. पण क्लोजअप आला की दर्शन झालं, एवढं साधं नाही का ते? आमची आजी तर तेवढ्यावर हात जोडायची.

सभापर्व
तिथेच बरेच जण चुकतात. क्लोजअप आणि झूम त्या काळच्या मालिकांत सगळ्यांवर येतात, कैकेयीवर, रावणावर, शकुनीवरही. पडदा लहान होता आणि भाव चेहऱ्यावरच वाचायचे होते. म्हणून मेघना, कृष्णाचे क्लोजअप मोजलेस तर शेजारी दुर्योधनाचेही मोज. दोन्ही सारखेच निघाले तर दर्शनाचा दावा झूमवर उभा करू नकोस, नजरेच्या दिशेवर कर.

गार्गी_लेखणी
स्वानुभव सांगते. अशाच विषयावर माझा निबंध परत आला होता. मी जागोजागी 'प्रेक्षक भक्तिभावानं बघतात' असं लिहिलं होतं. परीक्षकांनी समासात एकच शब्द लिहिला, 'कोण?' अजून आठवलं की कसंतरी होतं. पडद्यासमोर चपला काढल्याची गोष्ट फाळक्यांच्या 'लंकादहन'बद्दल सांगतात, 'जय संतोषी माँ'बद्दल सांगतात, रामायणाबद्दलही सांगतात. ती वापरायची तर कुणी, कधी, कुठे पाहिलं हे लिहा, नाहीतर सोडून द्या.

आणि पूर्णिमा मंकेकर यांचं १९९९चं पुस्तक बघाच. त्यांनी दिल्लीतल्या प्रेक्षक स्त्रियांशी या मालिकेतल्या द्रौपदीबद्दल बोलून लिहिलंय. त्या बायकांच्या बोलण्यात द्रौपदीचा संताप आणि स्वतःचं असुरक्षितपण फार आहे. सभापर्व म्हणतात तसं मालिका आपल्याला भक्ताच्या जागी बसवत असेलही, पण प्रत्येक बाई तिथे बसली असं नाही.

सभापर्व
हे मान्य. माझ्या मांडणीतली कच्ची बाजू हीच आहे. कॅमेरा जागा देतो, बसणं न बसणं बघणाऱ्याच्या हातात.

विनायक७४
मग तो 'समय'? व्यास नाहीत, वैशंपायन नाही, काळच कथा सांगतोय. हे तर भक्तीच्या उलट झालं. संवाद राही मासूम रझांचे, त्यांनी मुद्दाम कथेला धर्मापासून लांब नेलं असं माझं मत.

ओवी
काळ हाही देवच की. गीतेत अकराव्या अध्यायात कृष्ण स्वतःला काळ म्हणवतो. आणि तो 'समय' आपल्याशी बोलतो तसं कीर्तनकार पूर्वरंगात बोलतो. सागरही काही भागांत स्वतः समोर येऊन बोलायचे. या आवाजांवर कुणीतरी लिहायला हवं.

आरती_का
मुलांना समयचा आवाज आवडला होता, हरीश भिमाणींचा ना? मुलांचं सोडा, पण वस्त्रहरणाचा भाग लागला तेव्हा माझी आई उठून स्वयंपाकघरात गेली होती. वस्त्र पुरायला लागल्यावर आतूनच विचारलं, "आला का गं तो?"

मेघना_व
आरतीताई, हे वाचून मी दोन मिनिटं थांबले.

सगळ्यांचे आभार. वस्त्रहरण घेते, तीनच भाग. पाठांचा मुद्दा ९०० शब्दांत बसवेन. पण सभापर्व, निम्मा निबंध शॉटवर न लिहिता बघणाऱ्यांवर लिहायचं ठरवलंय. घरातल्या आणि शेजारच्या चार बायका, ज्यांनी तेव्हा पाहिलं होतं. त्यांच्याशी बोलणार.

सभापर्व
मला पटत नाही. तीस-पस्तीस वर्षांची आठवण आहे. त्यात २०२०च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा कुठली आठवण कधीची हे त्यांनाही सांगता येणार नाही. चार बायकांवरून 'प्रेक्षक' होत नाही. शॉटची यादी निदान कुणालाही पडताळता येते.

गार्गी_लेखणी
चार बायकांवरून 'या चार बायका' तरी होतं. माझ्या समासातल्या 'कोण?'ला ते उत्तर आहे. मेघना, कर.

जुना_श्रोता
आमच्या आजीचं घाला. ती आता नाही, पण मी सांगतो.

सभापर्व
करणारच असशील तर प्रसंग आधी दाखवू नकोस. आधी विचार, वस्त्र कुठून येताना आठवतं, कृष्ण कुठे उभा होता, द्रौपदी काय म्हणाली. ते लिहून घे, मग प्रसंग लाव. आठवलेलं आणि पडद्यावरचं जिथे जुळत नाही तिथे तुला काहीतरी सापडेल. आणि चढवलेल्या प्रतीची लांबी तपासून घे, जालावरच्या काही प्रती कापलेल्या असतात.

मेघना_व
आजच पहिल्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, कृष्ण सभेच्या दारातून चालत आला होता, सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे उभे राहिले. रविवारी त्यांच्यासोबत तो भाग लावणार आहे.