मदत हवी आहे: वर्गचाचणीच्या परिपत्रकात पर्यायी प्रश्नांचा नियम कसा लिहावा?

पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी 20 गुणांच्या, एका तासाच्या वर्गचाचणीचे परिपत्रक मी तयार करत असून अभ्यासक्रम घटक 1 व 2 पुरता आहे. पहिल्या मसुद्यात 5 गुणांचे वस्तुनिष्ठ प्रश्न आणि प्रत्येकी 5 गुणांच्या पाच दीर्घोत्तरी प्रश्नांपैकी कोणतेही तीन, अशी रचना होती. परंतु त्यातील तीन प्रश्न घटक 1 चे असल्याने घटक 2 पूर्ण वगळूनही 15 गुण सहज मिळवता येत होते. म्हणून आता पर्याय त्या-त्या घटकाच्या आतच ठेवला आहे. वेळ व एकूण गुण बदलता येणार नाहीत. विद्यार्थ्याने दोन्ही पर्याय सोडवल्यास पहिले न खोडलेले उत्तर तपासावे की अधिक गुणांचे, आणि हा नियम परिपत्रकात नेमक्या कोणत्या शब्दांत द्यावा?