नाव ‘तात्पुरता’, म्हणून तोटा तात्पुरता?

नवखा_नाशिक: युनिस्वॅप व्ही२ या क्रिप्टो बाजाराच्या पूलमध्ये, म्हणजे अदलाबदलीसाठीच्या सामायिक साठ्यात, ईथर आणि डॉलरच्या भावाला बांधलेलं यूएसडीसी टाकतोय. इम्पर्मनंट लॉस, म्हणजे नुसतं जवळ ठेवण्याच्या तुलनेत होणारा ‘तात्पुरता’ तोटा, भाव परत आला की भरून निघतो, वर प्रत्येक अदलाबदलीची फी मिळते. मग लोक इतके घाबरतात का?

हिशेबी: त्या नावानेच घात केलाय. ईथर २००० डॉलरला असताना तुम्ही १ ईथर आणि २००० यूएसडीसी टाकले असं धरा. भाव ८००० झाला. पूलमधलं ईथर बाहेरच्यापेक्षा स्वस्त दिसलं की भावातल्या फरकावर कमावणारे आर्बिट्राजवाले ते उचलत राहतात, दोन्हीकडचे भाव जुळेपर्यंत. शेवटी तुमच्या वाट्याला अर्धं ईथर आणि ४००० यूएसडीसी उरतात, म्हणजे ८०००. नुसतं वॉलेटमध्ये ठेवलं असतं तर १०,००० असते. भाव ५०० वर पडला तरी तेच: पूलमध्ये २०००, वॉलेटमध्ये २५००.

धीर_धरा: ४००० चे ८००० झाले आणि याला तोटा म्हणायचं? काढलंच नाही तर कसला तोटा!

हिशेबी: फायदा झालाच, पण काही न करता १०,००० मिळत होते. आणि काढल्यावर तोटा होतो हे चूक. तो आधीच झालेला असतो, काढल्यावर फक्त परतीची वाट बंद होते.

रेवा_ठाणे: माझं ऐका. मी एका छोट्या टोकनच्या पूलमध्ये होते. टोकन ९०% पडलं. जवळ ठेवलं असतं तर १०० चे ५५ राहिले असते, पूलमधून ३२ च्या आसपास निघाले. पडणारं टोकन लोक पूलमध्ये ओतत गेले, यूएसडीसी घेऊन गेले. बक्षीसही त्याच टोकनमध्ये मिळत होतं. भाव कधीच परत आला नाही.

करवाला: तुम्ही सगळे करच विसरलात! एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३०%, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. पूलमध्ये टाकणं हेच हस्तांतरण धरलं तर?

धीर_धरा: टाकलं म्हणजे विकलं? मालक मीच आहे.

करवाला: टाकलं १ ईथर, हातात आला पूलमधल्या वाट्याची पावती असलेला एलपी टोकन, परत आलं अर्धं ईथर. तेच परत मिळालं कुठे?

रेवा_ठाणे: माझ्या सीएने तीन वेळा मत बदललं. ३२ रुपयांच्या हिशेबासाठी मी त्यांना पैसे मोजतेय, आणि तुम्ही शब्दांवर भांडताय!

धीर_धरा: कायद्यात पूलबद्दल स्पष्ट लिहिलेलं दाखवा, मग बोला.

करवाला: तसं लिहिलेलं नाही, मान्य. पण नोटीस आली तर तेच उत्तर देणार का?

नवखा_नाशिक: कर नंतर. त्या ८००० च्या उदाहरणात फी किती मिळायला हवी?

हिशेबी: २००० डॉलर, तेव्हा कुठे वॉलेटशी बरोबरी. फी सगळ्यांत वाटून येते, म्हणून रोजची उलाढाल आणि तुमचा वाटा आधी बघा.

धीर_धरा: ठीक आहे, २००० फी निघणं अवघड. पण भाव एका पट्ट्यात फिरत राहिला तर मीच बरोबर.

हिशेबी: तेवढ्यापुरते बरोबर.