भेट सुचवायच्या आधी पहिला प्रश्न कोणता विचारावा?

प्रश्नकर्ती: एक भेट द्यायची आहे. काहीतरी छान, वेगळं सुचवा. जरा लवकर सांगा.

हिशेबी: आधी बजेट सांगा. ऐपतीबाहेरचं सुचवून कुणाला ओशाळं कशाला करायचं? आकडा कळला की निम्मे पर्याय गळतात.

शाईपेन: गळतात, पण उरलेल्यांतून निवडायचं कसं? तेवढ्याच पैशांत खेळणंही येतं आणि भिंतीवरचं घड्याळही. मी आधी "कोणासाठी?" एवढंच विचारते. मोकळ्या प्रश्नाला माणूस मागितल्याहून जास्त सांगतो. एकाला असंच विचारलं, तर म्हणाला, "आमच्या विभागातल्या मॅडम निवृत्त होताहेत, सगळे मिळून देतोय." वयाचा अंदाज, नातं, निमित्त, सगळं एका वाक्यात आलं. वर्गणी आहे म्हणजे रक्कम एकाच्या खिशातून जाणार नाही, हेही कळलं. बजेट आधी विचारलं असतं तर "मध्यम" यापलीकडे काही हाती लागलं नसतं.

गोधडी: मी बाबांना रेडिओ दिला होता, अजून रोज लावतात. रेडिओच द्या!

शाईपेन: बाबांना आवडला हे छानच. पण इथे सहा वर्षांच्या मुलीचा वाढदिवस असला तर?

हिशेबी: किंमत इतकी झटकू नका. भारी वस्तू दिली की मनापासून दिलंय हे समोरच्याला कळतं.

शाईपेन: तसं देणाऱ्याला वाटतं. फ्लिन आणि अ‍ॅडम्स या संशोधकांनी 2009 साली हेच तपासलं होतं. भेट जितकी महाग तितकी ती आवडेल, असा देणाऱ्यांचा समज होता. घेणाऱ्यांच्या उत्तरांत मात्र किमतीचा आणि आवडण्याचा तसा संबंध दिसला नाही. बजेट विचारायचंच, पण मर्यादा कळावी म्हणून, आणि नंतर.

उंबरठा: त्यांना घाई आहे, हे कुणीच धरलं नाही. "कधी द्यायची?" हा पहिला प्रश्न. उद्याच द्यायची असेल तर नाव कोरून घ्यायच्या किंवा बाहेरून मागवायच्या वस्तू बाद.

शाईपेन: हे पटलं. "कोणासाठी आणि कधी?" असं एकत्र विचारू. त्याहून जास्त नको. चार प्रश्न एकदम टाकले की लोक एखाद्याचंच उत्तर देतात, नाहीतर परत येतच नाहीत.

प्रश्नकर्ती: धाकट्या दिरांसाठी, येत्या रविवारी. नव्या घरात राहायला जाताहेत. त्यांची आवड माहीत नाही, आमचं बोलणं कमीच होतं.

शाईपेन: मग आवडीचा अंदाज बांधत बसू नका. जावेला फोन करून विचारा, घरात काय घ्यायचं राहिलंय. वेगळेपणा नसला तरी चालेल, ती वस्तू वापरात राहील.

हिशेबी: आणि जावेने फ्रिज सांगितला तर? फोन करण्याआधी आकडा ठरवावाच लागेल. म्हणजे बजेटच आधी आलं.

शाईपेन: तो त्यांनी मनाशी ठरवायचा. आपल्याला सांगायलाच हवा असं कुठे आहे?