एनपीव्ही उणे झाली : ‘केवळ दर बदलला’ हे स्पष्टीकरण पुरेसे आहे का?

ताळेबंद_७: व्यवस्थापकांना पाठवायचा मसुदा असा आहे : ‘महोदय, १० कोटींच्या शीतगृहातून आठ वर्षे दरवर्षी २ कोटी निव्वळ जमा धरली आहे. भावी जमेचे आजचे मूल्य काढण्याचा डिस्काउंट रेट १० टक्के असताना एनपीव्ही, म्हणजे त्या मूल्यातून गुंतवणूक वजा जाता उरणारी रक्कम, ६७ लाख होती. वित्त विभागाने तो १२ टक्के केल्यावर ती उणे साडेसहा लाख झाली. जमेचा अंदाज तोच आहे, केवळ दर बदलला आहे.’ यावर आक्षेप येईल का?

सह्याद्रीकाठ: आक्षेप यायलाच हवा. आपले कर्ज ९ टक्के स्थिर व्याजाचे असेल, तर हप्ता एका रुपयानेही वाढत नाही. मग दर वाढवण्याचे कारणच काय?

जुना_हिशेबनीस: हप्त्याबाबत आपले म्हणणे बरोबर आहे, पण हा दर जुन्या कर्जाचा नसतो, तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या कामात आज हेच पैसे गुंतवले तर काय मिळेल, याचा तो असतो.

मसुद्यात मात्र घट कोठून आली ते सांगायला हवे. पहिल्या वर्षाच्या २ कोटींचे आजचे मूल्य जेमतेम ३ लाखांनी उतरते, तर आठव्या वर्षाचे ९३ लाखांवरून ८१ लाखांवर येते. एकूण साडेत्र्याहत्तर लाखांच्या घटीपैकी सुमारे ४७ लाख शेवटच्या चार वर्षांतले आहेत. शिवाय प्रकल्पाचा स्वतःचा परतावा ११.८ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे नवा दर त्याला निसटता ओलांडून गेला आहे, हे वाचले की व्यवस्थापकांना चिन्ह का पालटले ते लगेच कळेल.

कोठार_मालक: माझ्या गोदामाचे पैसे पाच वर्षांत वसूल झाले. इथेही १० भागिले २ म्हणजे पाचच वर्षे येतात, दर कितीही असो. मग प्रकल्प वाईट कसा ठरतो?

जुना_हिशेबनीस: त्या भागाकारात पाचव्या वर्षाचा रुपया आजच्या रुपयाइतकाच धरला जातो, आणि वाद नेमका त्यावरच आहे.

मला खरी शंका वेगळीच आहे. आठही वर्षे नेमके २ कोटीच कसे? भाडे आजच्याच भावाने धरले आहे का? रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तो महागाई आवरण्यासाठी. आपल्या १२ टक्क्यांतही महागाई धरलेली असेल आणि जमेत ती नसेल, तर एकाच महागाईचा फटका प्रकल्पाला बसतो, लाभ मात्र मिळत नाही.

ताळेबंद_७: होय, भाडे आणि खर्च दोन्ही आजच्या भावाने आहेत. दुसऱ्या वर्षापासून निव्वळ जमा दरसाल ३ टक्के वाढवून पाहिली, तर १२ टक्क्यांनाही एनपीव्ही सुमारे ८५ लाख येते. ‘केवळ दर बदलला’ हे वाक्य मी काढून टाकत आहे.

सह्याद्रीकाठ: पण शीतगृहाचा मोठा खर्च विजेचा. वीजदर भाड्यापेक्षा वेगाने चढला, तर निव्वळ जमा वाढेलच असे कशावरून? भाडे आणि वीजबिल वेगवेगळे वाढवून पाहिल्याशिवाय ८५ लाखांचा आकडा व्यवस्थापकांपुढे ठेवू नये.

जुना_हिशेबनीस: वीज वेगळी मांडावी, हे मान्य आहे. तोवर उणे साडेसहा लाखांचा आकडाही अंतिम म्हणून पाठवू नये.