मदत हवी आहे: फॉलिकल 18 पण लायनिंग 6च

फोंड्याहून म्हापशाला फॉलिक्युलर स्टडीला जातेय. क्लोमिफीन 50ची गोळी दुसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत घेतली, दहाव्या दिवशी उजवीकडे 14 एमएम होतं, आज बाराव्या दिवशी 19×17 म्हणजे सरासरी 18, वाढ व्यवस्थित आहे. पण लायनिंग 5.4 वरून 6.1च झालंय, ट्रिपल लाइन मात्र आहे, स्क्रीनवर तीन पांढऱ्या रेघा मीच बघितल्या. मागच्या सायकललाही 6वरच ट्रिगर दिलं, राहिलं नाही. थायरॉईड नॉर्मल, ट्यूब ओपन, मिस्टरांचा रिपोर्ट ठीक. क्लोमिफीनने अस्तर पातळ राहू शकतं असं डॉक्टरच बोलले, ट्रिगरचं उद्याच्या स्कॅननंतर ठरवणार. आयव्हीएफ सध्या नको. कुणाचं असं पातळ अस्तर लेट्रोझोलवर 7च्या वर गेलंय का, आणि तेव्हा ट्रिगर किती एमएमला दिलं?