उत्तर: मुखपृष्ठ आज रात्री छपाईला (नासाचा फोटो)

संज्योत, संध्या. ५.१०
मंडळी, दिवाळी अंक आज रात्री जातोय. मुखपृष्ठावर दिवाळीच्या रात्री उपग्रहातून दिसलेला भारत घेतलाय, फोटो जोडलाय. शेखरदादांच्या पुण्याच्या ग्रुपवर काल आला होता. हरकत असेल तर नऊच्या आत सांगा. गेल्या वर्षीसारखं छापून आल्यावर नको.

माधुरीकाकू, ५.२२
फारच सुंदर गं! फक्त मंडळाचं नाव लाल भागावर आलंय, वाचता येत नाही. आणि सभागृहाची किल्ली कुणाकडे आहे?

अनिरुद्ध, ५.४०
माझी हरकत आहे. हा दिवाळीचा फोटो नाही. जरा सीमेपलीकडे बघा, पाकिस्तान आणि बांगलादेशही झगमगतायत. तिथे एवढी दिवाळी कुणी केली? शिवाय अख्ख्या उपखंडावर एकही ढग नाही आणि मजकुरात तारीख नाही, नुसतं ‘यंदाची दिवाळी’. हेच वाक्य दर वर्षी फिरतं.

शेखरदादा, ६.०५
अनिरुद्ध, तुला सगळंच खोटं दिसतं. मला आलेल्या मेसेजवर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ ही खूण नव्हती. पाठवणारे माझे साडू आहेत, इंजिनिअर माणूस. पाकिस्तानात काय रोजचे दिवे नसतात?

स्नेहल, ६.१८
दादा, फोटोशॉप केलेला असणार. उपग्रहाला रात्री असे लाल-हिरवे रंग दिसतच नाहीत.

अनिरुद्ध, ६.५०
दादा, नेमकं तेच म्हणतोय, ते रोजचे दिवे आहेत. आणि आपले पण रोजचेच.

स्नेहल, रंगांचं तुझं बरोबर, पण फोटोशॉप नव्हे. अमेरिकेच्या नोआ संस्थेतल्या क्रिस एल्व्हिज यांनी हवामान उपग्रहांच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी एकत्र करून हा नकाशा केला. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. म्हणजे शहरं कशी पसरली ते यात दिसतं. माहिती खरी, फक्त खालची ओळ खोटी. म्हणूनच तो इतका टिकला. ‘बनावट आहे’ म्हटलं की कुणीतरी मूळ नकाशा काढून दाखवतो आणि आपणच खोटे पडतो.

खुणेचं म्हणाल तर ती पाच वेळा पुढे ढकलल्यावर लागते. कुणी फोटो फोनमध्ये उतरवून नव्याने चिकटवला की मोजणी पुन्हा शून्यापासून. खूण असेल तर सावध व्हावं, नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा फोटो आधी कुठे आलाय ते शोधणाऱ्या TinEye या साइटवर टाकून `Oldest` निवडा. ‘यंदाचा’ फोटो दहा वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला की विषय संपला.

स्नेहल, ७.०२
थांब. नासाने २०१४ मध्ये स्वतःच सांगितलंय की नाताळात अमेरिकेतली शहरं २० ते ५० टक्के जास्त उजळ दिसतात. मग दिवाळी का नाही दिसणार?

अनिरुद्ध, ७.२५
चांगला मुद्दा, मी विसरलो होतो. पण तो फरक एका फोटोत डोळ्यांना दिसलेला नव्हता. नाताळातल्या रात्री आणि वर्षातल्या बाकीच्या रात्री यांचे आकडे ताडून तो काढलाय. दिवाळीसाठी तसं कुणी नीट मोजलंय का, ते मी वाचलेलं नाही. उपग्रहाचं दिवाळीतलं, १२ नोव्हेंबर २०१२ चं चित्र मात्र नासाने दिलंय. काळंपांढरं आहे, आणि सोबत लिहिलंय की दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून जाणवणार नाही इतका किरकोळ असतो.

संज्योत, ७.४०
तेच घेऊ का मग?

माधुरीकाकू, ७.४४
दिवाळी अंकावर काळं चित्र? अजिबात नको. मुखपृष्ठ सांस्कृतिक समितीकडे असतं, हे जूनच्या बैठकीत ठरलंय. माझ्या रांगोळीचा फोटो घे.

शेखरदादा, ८.०१
ठीक आहे, मान्य. पण साडूंना काय सांगू? ग्रुपवर लिहिलं तर वर्षभर बोलायचे नाहीत.

अनिरुद्ध, ८.१०
त्यांना वेगळा निरोप पाठवा. ग्रुपवर लिहायचंच तर फोटो पुन्हा टाकू नका, दोन ओळी पुरेत. ‘हे खोटं आहे’ म्हणून तोच फोटो जोडला की वर चित्र दिसतं आणि खालचं कुणी वाचत नाही. आपल्याच धाग्यात बघा, प्रत्येक उत्तराबरोबर तो परत सगळ्यांना जातोय. संज्योत, तो काढून टाक आधी.

संज्योत, ८.३५
काढला. रांगोळी घेतली, काकू. आता खरी अडचण: अध्यक्षांच्या मनोगताची पहिलीच ओळ आहे, ‘अवकाशातूनही दिसणारी आपली दिवाळी’. ते विमानात आहेत, उद्या सकाळी उतरतील. ओळ कोण बदलणार?

माधुरीकाकू, ८.३८
मी नाही बाई.