व्यस्त संबंध टिकतो कधी आणि तुटतो कधी?

«महागाई थोडी वाढू दिली तर बेरोजगारी कायमची कमी का होत नाही?»

अर्थतज्ज्ञ फिलिप्स यांनी 1958 मध्ये ब्रिटनमधील मजुरीवाढीचा दर आणि बेरोजगारी यांच्यातील व्यस्त संबंध दाखवला; पुढे मजुरीवाढीच्या जागी महागाई धरून तोच संबंध मांडला गेला. मात्र तो टिकणे लोकांच्या महागाईबद्दलच्या अपेक्षांवर अवलंबून असते, आणि मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

साकीनाक्यातील एखादा कारखाना घ्या. महागाई 4 टक्के राहील असे धरून कामगारांनी तेवढीच पगारवाढ मान्य केली, पण भाव 7 टक्क्यांनी वाढले, तर मालाला जास्त किंमत मिळते आणि खरी मजुरी सुमारे 3 टक्क्यांनी घटते, म्हणून मालक आणखी दोन माणसे ठेवतो. पुढच्या वर्षी कामगार 7 टक्के धरूनच पगार मागतात. खरी मजुरी पूर्ववत होते, ती दोन माणसे जातात, महागाई मात्र 7 टक्क्यांवरच राहते. त्यांना टिकवायचे तर भाव पुन्हा अपेक्षेहून जास्त, म्हणजे 10 टक्क्यांनी, वाढावे लागतील. म्हणूनच रिझर्व्ह बँक मुंबईसह अनेक शहरांतील कुटुंबांना त्यांची महागाईची अपेक्षा विचारते.

भाववाढ अवकाळी पावसाने महागलेल्या कांद्यामुळे झाली असेल, तर मात्र कारखान्याच्या मालाला जास्त किंमत मिळत नाही, म्हणून तिथे पहिल्या वर्षीही कोणाला नवे काम मिळत नाही.